दोन, चार, सहा

चि. मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "स्पर्धा परीक्षेच्या तयारीत चार वर्षं घातलीत आई, आता कशी सोडू?" रात्री झोप लागली नाही. हेच वाक्य मी आधी तुझ्या बाबांच्या तोंडून ऐकलं होतं.

साखर पेठेतले आपले आठ माग तुला आठवत असतील. दुरुस्तीला 2 लाख 40 हजार घातले, तरी महिन्याला सहा हजारांचा तोटा होताच. एक जण दीड लाखाला माग घ्यायला तयार होता. "इतके घालून दीड लाखात देऊ?" म्हणत बाबा दोन वर्षं थांबले. तोट्यात 1 लाख 44 हजार गेले आणि माग शेवटी 90 हजारांना द्यावे लागले. दुरुस्तीचे पैसे माग ठेवून परत येणार नव्हते आणि विकूनही नाही. बघायला हवं होतं ते एवढंच, की इथून पुढे माग काय देणार.

त्या दोन वर्षांत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, थंडीत, चादरींना गिऱ्हाईक आलं की बाबा वही उघडून मला दाखवायचे. उन्हाळ्याची पानं कधी उघडली नाहीत. मला यातच जास्त धोका वाटतो, कारण माणूस खोटं बोलत नसतो, फक्त सोयीचं तेवढंच बघत असतो.

वर्गात मी पीटर वॅसन यांचा 1960 चा प्रयोग शिकवते. 2, 4, 6 हे आकडे एका नियमात बसतात, नियम ओळखा. बरेच जण मनात धरतात की दोन-दोनने वाढायचं, आणि 8, 10, 12 विचारतात. उत्तर येतं, "बसतात." पुन्हा तसेच आकडे, पुन्हा "बसतात." नियम असतो फक्त चढत्या क्रमाचा. 1, 2, 3 विचारलं असतं तर तेही बसले असते आणि आपला अंदाज चुकल्याचं लगेच कळलं असतं.

सहाव्या प्रयत्नात अधिकारी झालेल्या ताईंना तू दर महिन्याला फोन करतेस. ते तुझं 8, 10, 12. तुझ्याच हॉस्टेलवरून अभ्यास सोडून गेलेल्या मुली आज काय करतात, हे एकदा तरी विचारलंस का? पूर्वपरीक्षेत आधी 9 गुणांनी गेलं, मग 14 गुणांनी. दोन्ही वेळा तू "थोडक्यात गेलं" म्हणालीस. अंतर वाढलंय, बाळा.

मी सोड म्हणत नाही. तुझा अर्थशास्त्राचा अभ्यास पुढेही कामाला येईल, म्हणून तो हिशेबात धर. गेलेली वर्षं धरू नकोस. समज, आज पहिलाच दिवस आहे आणि हातात टॉवेल कंपनीतली ती अकाउंट्सची नोकरी आहे. तू फॉर्म भरशील का? भरणार असशील, तर पुढच्या दहा सराव परीक्षांत किती गुणांच्या खाली गेलीस तर थांबशील, तो आकडा पहिल्या पेपरआधी लिहून मला पाठव. नंतर लिहिलास तर तो आपोआप खाली सरकेल.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने ये. येताना सगळ्या टेस्टचे गुण आण, तारखेच्या क्रमाने, वाईट पडलेलेसुद्धा. बाबाही बसणार आहेत आपल्याबरोबर, त्यांची जुनी वही घेऊन.

तुझी,
आई