शेवटची चार अक्षरं

हॅम्बर्ग, रविवार रात्र

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आळीतल्या त्या शेवटच्या ओव्हरवर कविता लिहायची, असं मी आईला फोनवर बोलून गेलो आणि तेव्हापासून ती दर वेळी विचारते. लिहिली आहे. पण अजून पुरी झालेली नाही, आणि ती पुरी करणं तुझ्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

आधी मुक्तछंदात लिहून पाहिली. दोन पानं झाली आणि वाचताना रेडिओवरची कॉमेंट्री ऐकल्यासारखं वाटलं. चेंडू टाकला, मारला, धावा निघाल्या. पण त्या संध्याकाळी छाती धडधडत होती ती दोन चेंडूंच्या मधल्या वेळात. तू मागे फिरून रनअपच्या खुणेपर्यंत चालत जायचास, तेव्हा. मग आजी रोज पहाटे म्हणायची ते अभंग आठवले. त्या अभंगांच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात आणि चौथ्यात चारच. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ काही मोजायचं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा मोकळा राहतो. तो चौथा चरण दोन अक्षरं आधीच संपतो आणि वाचणारा आपोआप थांबतो. मला हवी होती ती हीच जागा. एका चेंडूला एक कडवं दिलं.

तुला आठवत असेल, १९९६ ची मे महिन्याची सुट्टी होती. वर्ल्डकप नुकताच झालेला, त्यामुळे जो तो पहिल्या चेंडूपासून जयसूर्या. तुमच्या टीमला हरवायला आम्हाला सहा धावा हव्या होत्या आणि मी लास्ट मॅन, एकटा. एकट्याला एकेरी धाव नाही, दोन पळून काढायच्या किंवा भिंतीला मारून दोन घ्यायच्या. बोलिंगला तू.

पहिल्या चेंडूला / बॅट फिरे जोरे /
हलले ते वारे / चेंडू मागे

दुसरा भिंतीला / धाडकन गेला /
चुना तो सांडला / दोन धावा

तिसरा गटारी / सगळे थांबले /
नळाशी धुतले / त्याचे अंग

चौथा ओलाचिंब / घसरत आला /
कडेला लागला / दोन पुन्हा

पाचवा हुकला / कुणी ना बोलले /
तुळशीचे हले / एक पान

सहावा उडाला / टप्पा एक झाला /
दादाने झेलला / ...

तिसऱ्या कडव्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तो चेंडू स्टंपांच्या अगदी जवळून गटारात गेला, धाव नाही, विकेट नाही, तरी सामना तिथेच फिरला. तू तो नळाखाली धुतलास, शर्टाला पुसलास, भिंतीवर दोनदा आपटून पाणी झाडलंस. टेनिस बॉलची लव पाणी धरून ठेवते. चेंडू जड होतो, नेहमीसारखा छातीपर्यंत न उसळता घोट्याजवळून सरपटत येतो. चौथ्याला मी उसळी धरून बॅट वर घेतली होती, आणि ती खाली आणेपर्यंत चेंडू बॅटची आतली कड घेऊन विहिरीकडे गेला. त्या दोन धावा नशिबाच्या होत्या. आधी तिथे ‘फटका मारला’ असं लिहिलं होतं, ते खोटं होतं म्हणून खोडलं आणि ‘कडेला लागला’ केलं.

तुळशीचं पानही खरं आहे. पाचवा चेंडू माझ्या बॅटीला चकवून काकूंच्या वृंदावनाला लागला आणि मी मागे वळून पाहिलं, तर सगळं झाड नाही, एकच पान हलत होतं. दोन धावा हव्या होत्या, एक चेंडू उरला होता.

आता सहावा. मी उचलून मारला, तो जिन्यासमोर एक टप्पा पडला आणि तू झेप घेतलीस. एक टप्पा एक हात, हा आपला नियम: टप्पा पडलेला चेंडू एकाच हाताने झेलला तरच आउट. मी दोन धावा पळून काढल्या होत्या. तुझे लोक ‘आउट’ ओरडले, आमचे ओरडले की डाव्या हाताचा तळवा चेंडूला लागला. अंपायर आमचाच होता, त्याचं कुणी ऐकेना. अंधार पडला, बाबांनी जेवायला हाक मारली आणि निकाल तसाच राहिला. आठ दिवस आपण एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून न बोलता जेवलो.

शेवटच्या चरणाला चार अक्षरं हवीत, आणि तिथे यमकाची अडचण नाही. ‘एका हाती’ चारच अक्षरांत बसतं. ‘दोन्ही हाती’ही चारच. दोन्ही मी लिहून पाहिले, दोन्ही म्हणून पाहिले, पण जे झालं ते तुलाच ठाऊक आहे. हरलो असेन तर हरलो असंच लिहीन.

आई-बाबांना नमस्कार, वहिनींनाही. मला फक्त ती चार अक्षरं पाठव.

तुझा धाकटा