गॅलरीतला रामराम

रविवारच्या पुरवणीतील, चाळीच्या समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून रोज सकाळी रामराम करणाऱ्या दोन वृद्ध शेजाऱ्यांची कथा आवडली. मात्र पुनर्विकासानंतर तुटलेल्या त्या रामरामाचे खापर लेखकाने माणसांच्या आत्मकेंद्रीपणावर फोडले, ते पटले नाही. चाळीत शौचालय सामाईक असल्याने सकाळी प्रत्येकाला गॅलरीत यावेच लागे, आणि भेट त्या अडचणीतूनच घडे. (कथेतल्या अण्णांच्या हातातले टमरेल लेखकाने उगीच दाखवलेले नाही.) मुंबईच्या बीडीडी चाळींतील रहिवाशांना 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालयाचे घर मिळते. ते त्यांना हवेच होते. पण तिथे दार उघडण्याचे सकाळचे ते कारणच उरत नाही.

– एक वाचक, मुंबई