भरल्या पोटी घेतलेली गोळीही बाधते

महोदय,

गुडघ्याच्या संधिवातासाठी माझी ७१ वर्षांची आत्या रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घ्यायची. हृदयासाठी छोटी अ‍ॅस्पिरिन होतीच. गोळी पोह्यांवर, वर जळजळीचं गुलाबी औषध, मग काय होणार? (इंदूरकरांचा पोह्यांवर फारच विश्वास!) पोट एकदाही दुखलं नाही. पण शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होऊ लागली आणि जिना चढताना धाप लागली. दुर्बिणीतून जठरात रक्त झिरपणारा व्रण दिसला.

शरीरातली दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं डायक्लोफेनॅक रोखते. जठराचं संरक्षक अस्तरही त्यांच्यावरच टिकतं. हे रक्तातून घडतं, म्हणून इंजेक्शननेही धोका टळत नाही. वेदना दबल्याने व्रणही गप्प राहतो.

गुलाबी औषध तयार झालेलं आम्ल थोडा वेळ मारतं. ओमेप्राझोलसारखी गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घेतली, तर आम्ल सोडणारे पंपच बंद पडतात आणि व्रणाचा धोका बराच घटतो. लहान आतड्याला मात्र तिचं संरक्षण नाही. सुरुवातीलाच ती लिहून द्यायला हवी होती, असं माझं मत.

आता आत्या गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावते. ते रक्तात फार कमी उतरतं.

– एक वाचक, रामबाग, इंदूर