गिरणीचा विमा: आधी काय, मग काय

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला एजंटचा कागद वाचला. आग, पूर, चोरी, काच, दुकानाची पाटी, गल्ल्यातली रोकड, यंत्रबिघाड, सगळं एकाच पॉलिसीत आहे. एवढं सगळं घेऊ नका. दिवसभर क्लेमचेच कागद बघते मी, म्हणून सांगते. प्रत्येक ओळीपुढे एकच विचारा: हे झालं, तर आपल्याच पैशातून गिरणी पुन्हा सुरू करता येईल का? करता येत असेल तर ते थांबू शकतं.

मोटर जळाली तर रिवाइंडिंगला चार-सहा हजार जातात, दोन दिवस गिरणी बंद राहते. ते दरवर्षीचंच आहे. त्यासाठी हप्ता भरण्यापेक्षा आईच्या डब्यात महिन्याला पाचशे टाका. पाटी आणि काच तर आत्ता सोडूनच द्या. चोरीचंही थांबू द्या. जात्याचे दगड कोण उचलून नेणार? मिरचीची पोती मात्र नेतील, तेव्हा सीझनला माल वाढला की बघू.

आग आणि पूर मात्र आधी. 2005, 2019, 2021, तीनदा आपल्या सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, आणि 2019 ला आपल्या जात्यांवरून गेलं. यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी आहे. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींच्या आत असलेल्यांसाठी ती 2021 पासून निघते, आणि आग, वादळ, पूर, भूकंप सगळं तिच्यातच येतं. शॉर्टसर्किटने जी मोटर जळते, ती स्वतः तिच्यात बसत नाही. तिच्यामुळे लागलेल्या आगीत बाकीचं जळालं तर ते बसतं. पाऊस डोक्यावर आल्यावर धावू नका, मे महिन्यातच काढा.

तुम्ही म्हणाल, बँकेने कर्जाबरोबर विमा उतरवलाय की. मी तो कागद पाहिला. रक्कम सहा लाख, म्हणजे कर्जाएवढी. आणि पत्ता अजून जुन्या गाळ्याचा! तो आधी बदलून घ्या, नाहीतर नव्या गाळ्यातल्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकेल.

रकमेचं नीट समजून घ्या. दोन्ही जाती, कांडप मशीन, मोटरी नव्याने घ्यायला पाच लाख लागतील. सीझनला मिरची-हळद पाच लाखांची. एकूण दहा. विमा सहाचा. पुरात चार लाखांचं नुकसान झालं, तर आपल्याला वाटतं सहाच्या आत आहे, म्हणजे चारही मिळतील. पण कंपनी म्हणते, दहापैकी सहाचाच विमा उतरवलाय, म्हणून नुकसानीचेही दहात सहा हिस्सेच देऊ. म्हणजे दोन लाख चाळीस हजार. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण आपली तूट 40 टक्के आहे. म्हणून रक्कम दहा लाखच लिहा. हप्ता थोडा वाढेल, तो वाचवलेल्या पाटी-काचेतून जाईल.

आणि दळणाचे डबे. लोकांचे गहू-ज्वारी आपल्याकडे असतात, पण ते आपले नव्हेत. पॉलिसीत वेगळे लिहिले नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. एजंटला ‘गिऱ्हाइकांचा सांभाळायला दिलेला माल’ असं स्पष्ट लिहायला लावा.

दुसरं, मारुतीमामांचं. पट्ट्यात हात गेला तर? चूक कुणाची हे कायदा फारसं विचारत नाही, भरपाई मालकाच्या नावावर येते. त्यांचा पगार बारा हजार, वय चाळीस. दुर्दैवाने जीवच गेला, तर हिशेब पगाराच्या निम्मे गुणिले 184.17, म्हणजे अकरा लाखांच्या घरात जातो. आपण कुठून आणणार? कामगार भरपाईचा विमा हा आगीच्या बरोबरीने घ्या, आणि पट्ट्याला जाळी बसवून घ्या. 2019 नंतर काढलेली जाळी अजून माळ्यावरच आहे ना, आई?

बाबांच्या बँक खात्यातून 20 रुपयांचा अपघात विमा कापला जातो का, तेही बघा. सत्तरीपर्यंत चालतो, दोन लाखांचा आहे. तब्येतीचा मेडिक्लेम मी भरतेय, त्याची काळजी नको.

पाणी शिरलंच तर भिजलेलं धान्य लगेच फेकू नका. आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत वासासकट राहू दे. खरेदीची बिलं गल्ल्याखालच्या पेटीत नकोत, आजच फोटो काढून मला पाठवा.

मी पंधरा तारखेला येते, कागद तेव्हा एकत्र भरू. सही तोवर करू नका, बाबा.

तुमची,
बेबी