मंगळवार पेठेतल्या घराचं रेंडर येण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

घराचे फोटो आणि आपल्याला काय काय हवं आहे ते सगळं लिहून डिझायनरला पाठवलं. आता तो दर्शनी बाजूचं रेंडर करील, म्हणजे दुरुस्तीनंतर घर कसं दिसेल त्याचं थ्रीडी चित्र. ते आधी तुमच्या हातात पडेल, म्हणून मी त्याला काय लिहिलं आणि का, हे तुम्हाला नीट सांगते. चित्र पाहिल्यावर रंग आवडला की नाही एवढंच बघू नका. मला तुमच्याकडून पायऱ्यांबद्दल ऐकायचं आहे.

आधी फोटोंचं सांगते. आपली गल्ली अरुंद, त्यामुळे समोर उभं राहून अख्खं घर मोबाइलमध्ये मावत नाही. मावावं म्हणून वाइड लेन्स लावली की सोप्याचे कडेचे खांब तिरके पडल्यासारखे दिसतात आणि त्या फोटोवरून काढलेलं मापही चुकतं. म्हणून समोरच्या काकूंच्या माडीवरून साध्या लेन्सने काढलेला फोटो मुख्य धरला. बाबा, तुम्ही खांबाला टेप लावून उभे आहात तो फोटोही त्याला दिलाय. टेपवरचे आकडे दिसतात, त्यावरून डिझायनरला कॅमेरा किती उंचीवर आणि किती लांब होता ते बसवता येतं. त्याचं बरोबर बसलं की नाही हे तपासायला मी खांबाची उंची त्याला मुद्दाम सांगितली नाही. ती सव्वासात फूट आहे. त्याच्या मॉडेलमधून तेवढीच आली, तर बाकीच्या मापांवर भरवसा ठेवता येईल.

फोटोतल्या विजेच्या तारा, मीटरची पेटी, पुढची गटार, काहीही पुसायचं नाही असं बजावलंय. चित्रातून तारा काढल्या की घर सुरेख दिसतं, पण तारा गल्लीत राहणारच आहेत. आणि नवं चित्र त्याच माडीवरून, त्याच कोनातून हवं. तरच जुना फोटो आणि नवं चित्र शेजारी ठेवून काय बदललं ते कळेल.

आता पायऱ्या. आपलं जोतं रस्त्यापासून तीस इंच उंच आहे आणि वर चढायला दोनच दगड आहेत. म्हणजे दर वेळी दहा इंच पाय उचलायचा. आई, तू हल्ली खांबाला धरून आधी एक पाय वर टेकवतेस, मग दुसरा शेजारी आणतेस, हे मी पाहिलंय. दहा इंचाची पायरी कोणाच्याही गुडघ्याला जड जाते. सहा इंचाची करायची म्हटली तर तीस इंचांना पाच चढ लागतात. पाच चढांमध्ये पाय ठेवायला चार पायऱ्या, प्रत्येक फूटभर रुंद, म्हणजे एकूण चार फूट लांबी.

हे चार फूट आणायचे कुठून, हाच खरा प्रश्न. फोटोत जोत्यापुढची फरशी आपल्याच अंगणासारखी दिसते. फोटो पाहणाऱ्या परक्या माणसाला पायऱ्या तिथेच काढाव्याशा वाटतील आणि त्या चित्रात छानही दिसतील. पण प्रॉपर्टी कार्डाच्या नकाशात आपली हद्द जोत्याच्या बाहेरच्या कडेला संपते. पुढची फरशी गटारीवरची, म्हणजे गल्लीची. म्हणून मी मुख्य फोटोवर जोत्याच्या कडेने लाल रेघ ओढली आणि रेघेच्या बाहेर एक वीतही जायचं नाही असं लिहिलं.

मग पायऱ्या आत घ्यायच्या. सोपा आठ फूट खोल आहे. मधल्या खणात, जिथून आत्ताही आपण चढतो, तिथलं जोतं चार फूट आतपर्यंत कापायचं. वर पोचल्यावर दारापुढे आणखी चार फूट सपाट जागा उरते, त्यामुळे कडी काढायला पायरीवर तोल सांभाळत उभं राहायला नको. खण सात फुटांचा आहे, त्यात पायऱ्या चारच फूट रुंद ठेवायच्या. दोन्हीकडे दीड-दीड फूट जोतं अखंड राहतं आणि खांबांचे तळखडे त्या अखंड दगडावरच बसलेले राहतात. बाबा, डावीकडचा खण, जिथे तुम्ही सकाळी उन्हात पेपर वाचत बसता, त्याला कोणी हात लावणार नाही. हे वाक्य पत्रात ठळक केलंय.

उताराचा रस्ता का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही आधी तेच मनात धरलं होतं. चाकाची खुर्ची सुरक्षित चढवायची तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. तीस इंचांना तीस फूट झाले, आणि आपल्या घराची रुंदी सगळी मिळून बावीस. पुढून ते जमणारच नाही. पण मागे जमीन चढती आहे, त्यामुळे परड्यातून माजघराच्या दाराला फक्त सहा इंचांचा चढ आहे. तिथे सहा फुटांचा उतार पुरतो. म्हणून परड्याचं दुसरं चित्र मागितलं. गरज आज नाही, पण दार आताच तीन फुटांचं करून घेऊ आणि उताराच्या बाजूने पाण्याला मोरीकडे वाट ठेवू, नाहीतर पावसाळ्यात पाणी भिंतीशी तुंबेल.

पायऱ्यांना दगड आपलाच. सध्याचे दोन दगड आणि जोतं कापताना निघणारे दगड पाथरवटाकडून घडवून घ्यायचे. पॉलिश करायचं नाही, वर टाकीचे घाव राहू द्यायचे. गुळगुळीत काळ्या दगडावर ओला पाय पडला की काय होतं ते सांगायला नको. रेंडरमध्ये काळा दगड हमखास चकचकीत ग्रॅनाइटसारखा येतो. तो येऊ नये म्हणून मी आपल्या जोत्याचे दोन फोटो जवळून काढून दिलेत, एक कोरड्या दगडाचा आणि एक पाणी शिंपडून. कोरडा असताना तो राखाडी दिसतो, त्यात बारीक छिद्रं दिसतात आणि टाकीच्या तिरक्या रेघा बोटाला लागतात. भिजला की काळाभोर होतो. डिझायनर कोल्हापूरचा नाही, म्हणून न्यू पॅलेसचे फोटोही पाहायला सांगितले. आपल्याकडचा घडीव काळा दगड उन्हात कसा दिसतो हे त्यावरून कळेल.

काळ्या दगडाची एक अडचण आहे. संध्याकाळी एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते दिसत नाही. त्यासाठी बाजूच्या भिंतीत, पायऱ्यांच्या लगत छोटे दिवे सांगितलेत आणि एक चित्र दिवेलागणीच्या वेळचं मागितलंय. दोन्ही हातांना कठडा चौतीस इंच उंच, आणि वरच्या पायरीच्या पुढे फूटभर लांबवलेला, म्हणजे शेवटचं पाऊल टाकतानाही हात रिकामा राहणार नाही. चित्रात आईच्या उंचीची एक बाई पायरीवर उभी करा असंही लिहिलं. चित्रांत नेहमी उंच माणसं असतात, त्यांच्या शेजारी कुठलाही कठडा ठेंगणा दिसतो.

भिंतीचं वेगळं लिहावं लागलं, कारण चित्रात ते दिसणारच नाही. सोप्याच्या भिंतीला खालून तीन फूट जो सिमेंटचा गिलावा मारलाय, त्यानेच ओल वाढलीय. भिंत विटा-मातीची, चुन्याच्या गिलाव्याची. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि चुन्यातून उडून जाते. सिमेंट तिला उडू देत नाही, मग ती आणखी वर चढते आणि सिमेंट संपतं त्याच्या वर लोणा धरतो. बाबा, तुम्ही तो पांढरा भुगा दर वर्षी खरवडता आणि वरून रंग लावता, पण रोग आत राहतो. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तिथे तो भिंतीपासून सुटलाय.

तेव्हा तेवढा सिमेंटचा गिलावा काढून, भिंत नीट सुकवून, पुन्हा चुन्याचाच करायचा. वर प्लॅस्टिक पेंट नको, चुन्याची सफेदीच. नाहीतर भिंतीचं तोंड पुन्हा बंद होईल. काम दिवाळीनंतर काढू. पावसात भिंत सुकत नाही, आणि भर उन्हाळ्यात चुना झटकन वाळून तडकतो. चुना सावकाश घट्ट होतो, त्यावर ओली गोणपाटं टांगून ठेवावी लागतात. गवंड्याला घाई असेल तर दुसरा बघू.

रेंडरमध्ये जोतं कापल्यावर काय निघेल तेही दिसणार नाही. आत मुरूम आणि माती भरलेली असणार. कापलेल्या दोन्ही बाजूंना दगडाची भिंत बांधून ती भर धरावी लागेल, आणि तोवर मधल्या दोन खांबांवरच्या तुळईला टेकू द्यावे लागतील. चित्र पसंत पडलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन पाहिल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही. कोणी गवंडी म्हणाला, "त्यात काय, दोन दिवसांत उरकतो," तर त्याला मला फोन करायला सांगा.

कौलं, खांब, देवळी, पुढच्या दाराची चौकट जशी आहे तशीच राहणार. पुढचा पत्रा मात्र काढायचा. त्याच्या आडोशाला पन्हळ गंजलीय आणि एका वाशाचं टोक कुजल्यासारखं वाटतं. शेजारच्या दादाला शिडी लावून तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचायला सांगा. सहज आत गेला तर वासा बदलावा लागेल. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका.

चित्र आलं की आधी जमिनीवर खडूने करून बघा. सोप्यात दारापासून चार फुटांवर एक रेघ मारा. तिच्यापासून जोत्याच्या कडेपर्यंतचे चार फूट पायऱ्यांत जातील. आई, दोन दिवस त्या रेघेच्या आतच वावरून बघ. हळदीकुंकवाला बायका कुठे बसतील, गणपतीची पाटी आत नेताना वळायला जागा पुरते का, चपला कुठे राहतील. अडचण वाटली तर साडेतीन फुटांत बसवता येतं का ते विचारता येईल, पण मग पायरीची रुंदी साडेदहा इंच होईल आणि पाऊल पूर्ण टेकणार नाही. मला ते पटत नाही, तरी निर्णय तुमचा.

सोबत प्रॉपर्टी कार्डाची प्रत आणि लाल रेघ मारलेला फोटो पाठवतेय. मागच्या दाराची मोकळी रुंदी, चौकटीच्या आतून आतून, मोजून मला फोनवर सांगा. तेवढं एकच माप राहिलंय.

तुमची,
लेक