ताबापत्रावर सही करताना

महोदय,

नौपाड्यातील आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा करार केला. ‘३१ मेपर्यंत काम पूर्ण, मुदत हाच कराराचा गाभा’ असे त्यात स्पष्ट लिहिले होते, कारण पुढे पाऊस. काम संपले २० जुलैला. तोवर वरच्या दोन घरांत छताला ओल येऊन पीओपी फुगून खाली आले होते. तरी आम्ही मुकाट्याने ताबापत्रावर सही केली आणि ऑगस्टमध्ये भरपाई मागितली.

वकिलांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ५५ पुढे ठेवले. मुदत गाभ्याची असेल तर ती उलटताच करार रद्द करता येतो. पण उशिराचे काम स्वीकारायचे, तर त्याच वेळी ‘विलंबाची भरपाई मागणार आहोत’ अशी सूचना द्यावी लागते. नंतर मागून उपयोग नाही. दोन ओळींचे ते पत्र राहून गेले, याची फार हळहळ वाटते.

करारात मुदतवाढीची आणि दर आठवड्याच्या दंडाची कलमे असतील, तर न्यायालये सहसा मुदत गाभ्याची धरत नाहीत (आमच्या करारात ती नव्हती). मग करार रद्द होत नाही, विलंबाने झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते.

– सोसायटीचा एक सभासद, ठाणे