बारव प्रोजेक्ट ग्रुप: शिलालेखाच्या फोटोबद्दल माफी आणि उद्याचं काम

मित्रांनो, काल रात्री शेअर्ड अल्बममधून शिलालेखाचा फोटो गायब झाला, तो माझ्यामुळे. मनापासून माफी मागते.

फोन भरला होता म्हणून गूगल फोटोजमधून मी जुने फोटो डिलीट केले. वाटलं, बॅकअप आहे, म्हणजे फक्त फोनमधून जातील. पण बॅकअप झालेला फोटो तिथून डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो, आणि फोटो माझ्या खात्याचा असल्यामुळे तुमच्या अल्बममधूनही गेला. फक्त जागा मोकळी करायची असेल तर ‘Free up space’ वापरायला हवं होतं.

शेवटी आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत लावून रिपोर्ट जमा केला. त्यात बाजूची पांढरी मोजपट्टी दिसते, पण तिसऱ्या ओळीतली झिजलेली अक्षरं नुसती पुसट रेघ झालीत, आणि आपलं वाचन नेमकं त्याच ओळीवर उभं आहे. पुन्हा फोटो काढणंही शक्य नाही, पावसाने ती पायरी पाण्याखाली गेली आहे.

आज सकाळी मूळ फोटो ट्रॅशमध्ये सापडला. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. तो रिस्टोअर केलाय आणि ड्राइव्हवरही टाकलाय. प्रत्येकाने आजच आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्या.

सरांना मी सगळं खरं सांगितलं. उद्या ११ पर्यंत ते पान बदलून द्यायला त्यांनी परवानगी दिली आहे. प्रिंट मी काढून आणते, खर्च माझा. ज्यांनी रात्री दोनपर्यंत जागून शोधाशोध केली, त्यांना खूप त्रास दिला, सॉरी.